‘सोडा’ म्हणजे नक्की काय सोडायचं? ब्रेक बुलेटिनच्या मराठी भाषांतराच्या नोंदी

४ फेब्रुवारी

मूळ इंग्रजी बुलेटिन, म्हणजे मेकॅनिकसाठीचं सूचनापत्रक, सहा पानांचं आहे. पहिली साडेतीन पानं ब्रेकच्या लाइनमधली हवा काढण्यावर, उरलेली एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, फॉल्ट कोडवर. गाडी छोटी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ब्रेकची सर्किटं तिरकी, म्हणजे पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक एका सर्किटवर.

हा कागद टेबलावर बसून वाचला जाणार नाही. एक जण चाकापाशी पाना धरून बसलेला, दुसरा पेडलवर पाय ठेवून, आणि कागद बहुधा दुसऱ्याच्या हातात, मोठ्याने वाचला जाणारा. त्यामुळे एका वाक्यात एकच कृती, आणि वाक्य कानावर पडल्या पडल्या कळेल असं, हा पहिला नियम ठरवला.

शब्दांची यादीही आज केली. गॅरेजमध्ये जे म्हणतात तेच ठेवायचं: निपल, कॅलिपर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाना, कपलर, स्कॅनर. निपल म्हणजे चाकापाशी हवा काढायला उघडायचा पोकळ स्क्रू, आणि मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की लाइनमध्ये दाब देणारा. ‘ब्लीडिंग’ला ‘हवा काढणे’. ‘रक्तस्राव’ आणि ‘निःस्रावण’ ही जुन्या एका मसुद्यात सापडलेली रत्नं बाद.

६ फेब्रुवारी

‘ब्रेक फ्लुइड’ की ‘ब्रेक ऑइल’, यावर अर्धा दिवस गेला. गॅरेजमध्ये सगळे ‘ब्रेक ऑइल’च म्हणतात. पण हे ऑइल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक फ्लुइडचे प्रकार ग्लायकॉल जातीचे असतात, आणि ब्रेकमधलं रबर त्यांच्यासाठीच निवडलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते रबर फुगतं. बुलेटिनमध्ये तसा इशारा आहे: खनिज तेल मिसळू नका. त्याचं सरळ भाषांतर ‘ब्रेक ऑइलमध्ये ऑइल मिसळू नका’ असं झालं, आणि वाचणारा गोंधळला.

शेवटी पायऱ्यांमध्ये ‘ब्रेक ऑइल’ ठेवलं, कारण मेकॅनिक डबा त्याच नावाने मागतो. इशाऱ्यात मात्र ‘खनिज तेल’ हा शब्द टाकून दिला आणि वस्तू नावानिशी लिहिल्या: “इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, डिझेल, ग्रीस, यांतलं काहीही ब्रेक ऑइलच्या टाकीत पडू देऊ नका. ज्या नरसाळ्यातून इंजिन ऑइल ओतलं, ते इथे वापरू नका.” नरसाळं मूळ मजकुरात नाही. पण चूक होते ती तिथेच, म्हणून बुलेटिन काढणाऱ्यांची परवानगी घेऊन घातलं. ओळखायची खूणही जोडली: टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून बाहेर आलं असेल, तर आत चुकीचं तेल गेलं आहे असं धरा. अशा वेळी नुसती हवा काढून भागत नाही. तेल लागलेली रबरं बदलावी लागतात.

‘वेट बॉइलिंग पॉइंट’ला पहिल्या मसुद्यात ‘ओला उत्कलनांक’ लिहिलं होतं. आता ‘पाणी शोषल्यानंतर किती अंशाला उकळतं’ असं केलं. डॉट ४ साठी कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषल्यावर किमान १५५. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उघड्या डब्यातलं जुनं ब्रेक ऑइल का वापरायचं नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही. घाटात ब्रेक तापले, पाण्याची वाफ झाली, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं.

९ फेब्रुवारी

आज मुख्य पायरी: दोघांनी मिळून हवा काढणे. मूळ इंग्रजीचा आशय असा. पेडल सावकाश दाबा आणि धरा. निपल उघडा. पेडल खाली जाईल. पेडलवरचा पाय उचलण्याआधी निपल बंद करा. पुन्हा.

आमचा पहिला मसुदा:

“पेडल दाबून धरा. निपल सोडा. पेडल खाली गेल्यावर, पेडल सोडण्याआधी निपल आवळा. पेडल सोडा.”

व्याकरणाने ठीक आहे. मराठीत नट सोडतात, निपल सोडतात, हवा सोडतात आणि पेडलही सोडतात. चारही ठिकाणी ‘सोडणे’ बरोबर आहे, म्हणूनच लिहिताना खटकलं नाही. उद्या गाडीवर तपासायचं आहे.

१० फेब्रुवारी

गाडीवर तपासणी. मागचं डावं चाक काढलेलं, निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. मसुदा एका अनुभवी मेकॅनिकच्या हाती दिला. पेडलवर नवा हेल्पर होता.

मेकॅनिकने पाना फिरवला आणि सांगितलं, “सोडला!” हेल्परने पाय उचलला.

नळीत काय झालं ते स्पष्ट दिसलं. बाहेर येत असलेला द्रव थांबला आणि दोन-तीन बोटं मागे सरकला. नळीत वर गेलेला बुडबुडा निपलच्या भोकात परत शिरला. मास्टर सिलिंडरचा पिस्टन मागे जाताना द्रव ओढतो, आणि निपल उघडा असला की तो द्रव नळीतून येतो, त्याच्याबरोबर हवाही. तळाशी नळी बुडवलेली होती म्हणून नळीतली हवाच तेवढी परत गेली. नळी नसती, तर बाहेरची हवा थेट आत गेली असती.

हे दहा-बारा वेळा झालं की टाकीभर ब्रेक ऑइल संपतं आणि पेडल नरमच राहतं. मग मास्टर सिलिंडर गेला असं ठरवून तो बदलला जातो. मूळ कारण एक शब्द.

११ फेब्रुवारी

दुरुस्ती. ‘सोडणे’ हा शब्द या प्रकरणातून पूर्ण काढला. निपलसाठी ‘उघडा’ आणि ‘आवळा’. पेडलसाठी ‘दाबा’, ‘धरा’ आणि ‘पाय उचला’. निपलचे शब्द पेडलला कधीच लावायचे नाहीत, आणि उलटही नाही. ‘बंद करा’ही टाकलं, कारण हेल्परला ते ‘काम बंद करा’ असं वाटू शकतं.

दुसरी अडचण ‘आधी’ची होती. ‘पेडल सोडण्याआधी निपल आवळा’ यात कानावर पहिल्यांदा ‘पेडल सोड’ पडतं, आणि खरी सूचना शेवटी येते. ऐकणारा वाक्य पुरं होईपर्यंत थांबत नाही. म्हणून घडण्याच्या क्रमाने वाक्यं मांडली, आणि कोणी काय म्हणायचं तेही लिहिलं:

“हेल्पर: पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबा. शेवटच्या वेळी दाबून धरा. म्हणा: ‘धरलं.’
मेकॅनिक: निपल पाव ते अर्धा फेरा उघडा.
हेल्पर: पेडल खाली जाईल. पाय तसाच ठेवा. म्हणा: ‘खाली.’
मेकॅनिक: निपल आवळा. म्हणा: ‘आवळला.’
हेल्पर: ‘आवळला’ ऐकल्यावरच पाय उचला.”

मूळ चार वाक्यांची पाच ओळी झाली. बुलेटिन काढणाऱ्यांनी ‘मजकूर वाढला’ म्हणून विचारलं. कालची नळीची गोष्ट कळवली, आणि मजकूर मान्य झाला.

‘पाव ते अर्धा फेरा’ याच्यामागचं कारणही एका ओळीत दिलं. जास्त उघडला तर निपलच्या आट्यांतून हवा नळीत खेचली जाते. बारीक बुडबुडे संपतच नाहीत, पण निपल आवळल्यावर पेडल कडक लागतं. असं दिसलं तर लाइनमध्ये हवा नाही, आटे हवा घेत आहेत. हे न कळल्यामुळे लोक तासभर हवाच काढत बसतात.

१३ फेब्रुवारी

तपासणीत सापडलेली आणखी एक गोष्ट, जी मूळ मजकुरात केवळ एका अर्ध्या वाक्यात आहे: पेडल पूर्ण तळापर्यंत नेऊ नका. कारण दिलेलं नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा रोजचा वापर वरच्या भागातच असतो. खालच्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला गेलं की रबर त्या खडबडीत भागावरून घासतं आणि फाटतं. मग हवा काढून झाल्यावर पेडल दाबून धरलं, की हळूहळू खाली बसायला लागतं. ही खराबी आधी नव्हती, ती कामात झाली.

उपाय लिहिला: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. भाषांतर म्हणून ही भर आहे, पण कारण कळल्याशिवाय ही सूचना कोणी पाळणार नाही.

१७ फेब्रुवारी

चाकांचा क्रम. सगळ्यांना पाठ असलेला नियम ‘मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी’. बुलेटिनमध्ये मात्र क्रम वेगळा छापला आहे: मागचं उजवं, पुढचं डावं, मागचं डावं, पुढचं उजवं. म्हणजे एक तिरकं सर्किट पूर्ण, मग दुसरं. आमच्यातल्या एकाने आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मास्टर सिलिंडरही उजवीकडे, तर क्रम उलटा करायला हवा, अशी शंका काढली. शंका रास्त होती, पण भाषांतरकाराने हा निर्णय स्वतः घ्यायचा नाही. लेखी विचारलं. उत्तर आलं: या गाडीत पाइप एबीएसच्या युनिटपासून फुटतात आणि ते युनिट दोन्ही प्रकारच्या गाड्यांत एकाच जागी आहे, क्रम तोच ठेवा.

मराठीत क्रमाच्या खाली ठळक लिहिलं: “हा क्रम फक्त या गाडीचा. दुसऱ्या गाडीत तिचं मॅन्युअल पाहा.” नाहीतर कागद भिंतीवर चिकटतो आणि सगळ्या गाड्यांना लागू होतो.

प्रत्येक चाकानंतर टाकी पाहून भरण्याची ओळ मूळ मजकुरात क्रमाच्या शेवटी एकदाच होती. आम्ही ती चारही चाकांच्या ओळीत पुन्हा लिहिली. टाकी एकदा रिकामी झाली की हवा थेट एबीएसच्या युनिटमध्ये जाऊ शकते, आणि तिथली हवा पेडल मारून सहसा निघत नाही. स्कॅनर जोडून युनिटचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात आणि मग पुन्हा चारही चाकांना हवा काढावी लागते.

१९ फेब्रुवारी

डावं-उजवं. बुलेटिनच्या दोन ठिकाणी ‘ड्रायव्हर साइड’ असं आहे. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी लिहिलेलं ते वाक्य, तिथे ड्रायव्हरची बाजू म्हणजे डावी. आपल्याकडे ती उजवी. शब्दशः ‘चालकाची बाजू’ केलं असतं, तर मेकॅनिक नेमकं चुकीच्या चाकावर गेला असता. हा शब्द पूर्ण बंद.

‘डावं’ आणि ‘उजवं’ याची व्याख्या मात्र लागते, कारण बॉनेट उघडून गाडीसमोर उभं राहिलं की सगळं उलटं होतं. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं: “डावं-उजवं नेहमी चालकाच्या सीटवर बसून समोर पाहताना.” कोडच्या तक्त्यातही प्रत्येक ओळीत ‘पुढचं डावं’ असंच, नुसतं ‘डावं’ नाही.

जोडीला एक छोटी टीप: कॅलिपरचा निपल वरच्या बाजूला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि कितीही वेळा केलं तरी पेडल नरम राहतं.

२४ फेब्रुवारी

कोडचा भाग सुरू. स्कॅनरवर दिसतं तसंच कोड लिहायचं, `C0035`. ‘सी००३५’ लिहिलं तर ते वाचायला सोपं, पण स्कॅनरच्या पडद्याशी जुळवता येत नाही. शिवाय सांगताना ‘सी ओ ओ’ असं म्हणतात, आणि कोणी तरी ते अक्षर ‘ओ’ समजून टाइप करतो. म्हणून खुलासा: या कोडमध्ये अक्षर फक्त पहिलं, पुढे सगळे अंक, तिथे शून्य आहे, ओ नाही.

पहिलं अक्षर गाडीचा कोणता भाग ते सांगतं: `P` इंजिन आणि गिअर, `C` चॅसी, ब्रेक त्यातच, `B` बॉडी, `U` कंट्रोल युनिटांमधलं बोलणं. पुढचा अंक `0` असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना समान ठरलेला, `1` असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. `1` असलेला कोड दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधला, तर मिळणारा अर्थ वेगळाच असतो. इथपर्यंत सोपं.

२६ फेब्रुवारी

`C0035` चं मूळ नाव ‘पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरचं सर्किट’. पहिल्या मसुद्यात ‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर खराब’ असं झालं होतं. हे वाक्य गॅरेजमध्ये गेलं असतं, तर सेन्सर मागवला गेला असता. ‘सर्किट’ म्हणजे सेन्सर, त्याची वायर, वायर जोडणारा कपलर आणि कंट्रोल युनिटपर्यंतचा सगळा रस्ता. कोड एवढंच सांगतो की या रस्त्यावरून बरोबर सिग्नल येत नाही. म्हणून भाषांतर: “पुढच्या डाव्या चाकाचा वेग सांगणारा सिग्नल नीट येत नाही. आधी कपलर, मग वायर, मग चाकावरची रिंग, शेवटी सेन्सर तपासा.”

हा क्रम तपासणीतून खरा ठरला. हवा काढून झालेल्या गाडीत एबीएसचा दिवा लागला आणि `C0035` आला. मेकॅनिक बॉनेटसमोर उभा होता, आपल्या डाव्या हाताच्या चाकाकडे गेला. ते गाडीचं उजवं चाक. तिथे सगळं ठीक निघालं. चौकट दाखवल्यावर दुसऱ्या बाजूला गेला. कॅलिपर काढताना तो वायरच्या आधाराने लोंबकळत ठेवला होता आणि कपलर अर्धवट बाहेर आलेला होता. क्लिक आवाज येईपर्यंत बसवला, गाडी हळू चालवली, स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहिले. आधी तीन चाकं १२ दाखवत होती आणि हे शून्य. आता चारही जवळपास सारखे. मग कोड पुसला, ट्रायल मारली, कोड परत आला नाही.

त्यावरून तक्त्याला दोन ओळी जोडल्या. कॅलिपर तारेने बांधा, वायरवर लटकवू नका. आणि कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. पुसल्यावर कोड लगेच किंवा पहिल्या ट्रायलमध्ये परत आला तर बिघाड आत्ताचा आहे. आला नाही, तर तो जुना, आधी नोंदलेला होता किंवा अधूनमधून येणारा आहे. हे तीन शब्द स्कॅनरवर इंग्रजीत दिसतात, पण मेकॅनिकला अर्थ असा हवा.

सेन्सर ओहममध्ये मोजण्याची सूचना दोन प्रकारांना वेगळी लिहिली. जुन्या, नुसत्या कॉइलच्या सेन्सरला साधारण १ ते २ किलोओहम मिळतो. नव्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहममध्ये मोजून काहीच निष्कर्ष निघत नाही. त्याला युनिटकडून व्होल्टेज येतोय का, ते आधी पाहायचं.

२ मार्च

शेवटच्या पानावरचं एक छोटं वाक्य आज सापडलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच ठरलं. मूळ आशय: हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असल्याने कोणताही कोड बसत नाही. आमचा मसुदा होता “हवा असल्यास कोड येत नाही.” मेकॅनिकने वाचून विचारलं, “म्हणजे कोड नसेल तर हवा आहे का?” दुसऱ्याने उलट समजून घेतलं: कोड नाही, म्हणजे हवा नाही. दोन्ही चूक.

आता असं आहे: “ब्रेकच्या लाइनमध्ये हवा असली तरी स्कॅनर ते सांगत नाही. कोड नाही म्हणून ब्रेक ठीक आहेत असं धरू नका. पेडल दाबून पाहा.” लगेच खाली पेडलचे तीन प्रकार दिले, कारण इंग्रजीत ते तीन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत ‘पेडल बसतं’ या एकाच शब्दात तिन्ही जातात. दाबल्यावर स्प्रिंगसारखं नरम लागतं: हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं: गळती, किंवा मास्टर सिलिंडरमधून आतल्या आत गळती. पहिल्यांदा खोल जातं, दुसऱ्यांदा वर येऊन कडक होतं: मागच्या ड्रमचे शू जुळवायचे राहिले आहेत.

५ मार्च

अंतिम तपासणी दुसऱ्या जोडीकडून, ज्यांनी आधीचा मसुदा पाहिलेला नाही. हवा काढण्याच्या पाच ओळी आहेत तशा वाचल्या. मेकॅनिकने ‘आवळला’ म्हणेपर्यंत हेल्परचा पाय पेडलवर होता. नळीतला द्रव मागे सरकला नाही. चार चाकांना मिळून पाऊण लिटर ब्रेक ऑइल लागलं.

एकच शंका आली: निपल किती आवळायचा. मूळ आकडा १० न्यूटन-मीटर आहे, पण टॉर्क पाना सगळ्यांकडे नसतो. ‘बोटभर जोराने’ वगैरे वाक्य घालायची सूचना आली, ती नाकारली. ‘बोटभर जोर’ प्रत्येकाचा वेगळा. आकडा ठेवला, आणि शेजारी लिहिलं की निपल पोकळ आहे, जोरात आवळला तर तुटून आतच राहतो. आवळल्यावर पेडल दाबून निपलभोवती ओल येते का ते बघा. ओल आली तरच थोडा आणखी.

प्रत छपाईला दिली. चौकट पहिल्या पानावर, पाच ओळी मोठ्या अक्षरांत.